"तातडीने रक्त हवे आहे" : पोस्ट लिहावी कशी आणि संपवावी कशी



या वेळचा अभ्यासपाठ सेवेतल्या एका छोट्या कामाबद्दल आहे. काम आहे चार-सहा ओळी लिहिण्याचं, पण त्या ओळी नीट लिहिल्या नाहीत तर पेशंटच्या घरच्यांचा त्रास वाढतो. आपल्या सगळ्यांच्या कुटुंबाच्या ग्रुपवर अधूनमधून असा मजकूर येतोच:

"अर्जंट!!! बी निगेटिव्ह रक्त हवे आहे. बिर्ला हॉस्पिटल. पेशंट खूप सिरियस. आजच हवे. कृपया जास्तीत जास्त पुढे पाठवा."

आपण हळहळतो आणि लगेच चार ग्रुपवर पाठवून मोकळे होतो. आता हीच पोस्ट पुन्हा एकदा सावकाश वाचून पाहा. "आजच" म्हणजे कुठल्या तारखेला? बिर्ला हॉस्पिटल कुठलं? ग्वाल्हेरच्या माणसाला सूर्यमंदिराच्या रस्त्यावरचं बिर्ला आठवेल, तर पुण्यातल्या भाच्याला चिंचवडचं. आपली मराठी घरं ग्वाल्हेर, इंदूर, पुणे, नागपूर अशी पसरलेली आहेत आणि एकाच ग्रुपवर तीन-चार शहरांची माणसं असतात. त्यामुळे इथे लिहिलेली पोस्ट दहा मिनिटांत पुण्याला पोहोचते आणि तिथे तिचा अर्थच बदलतो. पुढे, रक्त किती हवंय? पूर्ण रक्त, लाल पेशी की प्लेटलेट? ते काही लिहिलेलं नाही. विचारायचं कोणाला, तेही नाही.

या पाठात आम्हाला मुख्यतः एकच गोष्ट सांगायची आहे. *पोस्ट एकदा आपल्या हातून सुटली की ती परत बोलावता येत नाही. म्हणून तिची खात्री कशी करायची आणि ती कधी संपते, हे दोन्ही तिच्या पोटातच लिहिलेलं असलं पाहिजे.* बाकीचं सगळं त्यातूनच येतं.

*लिहिण्याआधी : पहिला फोन रक्त केंद्राला*

एखाद्या घरून "रक्त हवंय" असा निरोप आला की आपला हात आधी ग्रुपकडे जातो. तो आवरायचा आणि पेशंटच्या नातेवाइकांना आधी विचारायचं, "डॉक्टरांनी रक्ताचा मागणी अर्ज दिलाय का?" रक्त लागणार असेल तर वॉर्डातून एक छापील अर्ज भरून मिळतो. त्यावर पेशंटचं नाव, नोंदणी क्रमांक, रक्तगट, काय हवंय, किती पिशव्या हव्यात आणि डॉक्टरांची सही असते. या अर्जाचा फोटो नातेवाइकांनी फक्त आपल्याला, म्हणजे पोस्ट लिहिणाऱ्या सेवेकऱ्याला पाठवायचा. तो ग्रुपवर टाकायचा नाही. अर्ज पाहिला की निम्म्या शंका तिथेच मिटतात.

मग रुग्णालयाच्या रक्त केंद्राला फोन करायचा. (आपण रक्तपेढी म्हणतो, पण २०२० पासून सरकारी नियमांत रक्त केंद्र हा शब्द आलेला आहे.) फोन नंबर आपण स्वतः शोधून काढायचा. निरोपात आलेल्या नंबरवर फोन करून खात्री होत नाही, कारण निरोप खोटा असेल तर तो नंबरही त्याच माणसाचा असणार.

रक्त केंद्राला तीन गोष्टी विचारायच्या. त्यांच्याकडे तो गट शिल्लक आहे का? शिल्लक असेल तर बदल्यात कुठल्या गटाचे दाते चालतील? आणि दाते किती वाजेपर्यंत आले तर उपयोग होईल?

यातला दुसरा प्रश्न फार कामाचा आहे. बऱ्याचदा पिशवी केंद्राकडे असतेच. त्यांना फक्त साठा पुन्हा भरून हवा असतो आणि त्यासाठी कुठल्याही गटाचा निरोगी दाता चालतो. अशा वेळी "बी निगेटिव्ह हवे" म्हणून गावभर शोधाशोध करण्यात अर्थ नसतो. घरातले दोन-तीन धडधाकट पुरुष गेले की काम होतं आणि पोस्ट लिहायचीही गरज उरत नाही. नातेवाइकांनी बदली दाता आणलाच पाहिजे ही पद्धत हळूहळू बंद करायचं सरकारचं धोरण २००२ पासून आहे, पण प्रत्यक्षात अजूनही दाते मागितले जातात. म्हणून विचारून घेणं बरं.

केंद्रात तो गट नसेल तर eraktkosh.mohfw.gov.in हे सरकारी संकेतस्थळ उघडायचं. तिथे राज्य, जिल्हा, रक्तगट आणि घटक निवडला की जवळच्या कुठल्या केंद्रात किती पिशव्या आहेत ते दिसतं. तिथला आकडा कधीकधी थोडा शिळा असतो, त्यामुळे दिसलेल्या केंद्राला फोन करून खात्री करायची आणि मगच नातेवाइकांना पाठवायचं. एवढं करूनही रक्त मिळालं नाही तरच पोस्ट लिहायची.

*"आत्ताच्या आत्ता" का लिहू नये*

दात्याचं रक्त काढलं आणि लगेच शेजारच्या खाटेवर चढवलं, असं सिनेमात दाखवतात. प्रत्यक्षात तसं होत नाही. प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, कावीळ बी, कावीळ सी, गुप्तरोग आणि मलेरिया या पाच तपासण्या झाल्याशिवाय ती बाहेर देता येत नाही. त्यात काही तास जातात. शिवाय पेशंटच्या रक्ताचा नमुना आणि पिशवीतलं रक्त एकमेकांना चालतं का, तेही जुळवून पाहतात. म्हणजे संध्याकाळी सहाला आलेल्या दात्याचं रक्त सात वाजताच्या पेशंटला चढत नाही. सात वाजता चढते ती केंद्रात आधीपासून तयार असलेली पिशवी. कुणाला अचानक भयंकर रक्तस्राव झाला तर डॉक्टर त्याच साठ्यातून घेतात. तिथे ग्रुपवरची पोस्ट उपयोगाची नसते.

म्हणून पोस्टमध्ये खरी मुदत लिहायची: "दाते बुधवारी दुपारी २ पर्यंत हवेत." घाबरवणारे शब्द, तीन-तीन उद्गारचिन्हं, लाल दिव्याच्या इमोजी, "पेशंट मृत्यूशी झुंज देतोय" यातल्या कशाने तपासणी लवकर होत नाही. होतं ते वेगळंच. दोन दाते हवे असताना पंधरा जण धावत येतात. काही रिकाम्या पोटी आलेले असतात, काहींचं हिमोग्लोबिन कमी भरतं, आणि उरलेले दिवसभर ताटकळून परत जातात. किंवा सगळेच रक्त देऊन मोकळे होतात. मग पुढचे तीन महिने त्यांच्यापैकी कुणालाच देता येत नाही. पुरुषांना दोन रक्तदानांत ९० दिवसांचं आणि स्त्रियांना १२० दिवसांचं अंतर ठेवावं लागतं. पुढच्याच आठवड्यात दुसऱ्या घरी गरज पडली की आपल्या परिवारातले सगळे दाते एकदम संपलेले असतात. लाल पेशींची पिशवीही फार तर ३५ ते ४२ दिवस टिकते आणि प्लेटलेट तर पाचच दिवस. गर्दीने एकाच दिवशी दिलेलं रक्त कायम साठवून ठेवता येत नाही.

*एक उदाहरण घेऊन पोस्ट लिहू*

समजा, ग्वाल्हेरच्या कमलाराजा रुग्णालयात बाळंतपणाच्या ऑपरेशनसाठी एक ताई दाखल आहेत. गट बी निगेटिव्ह. डॉक्टरांनी लाल पेशींच्या दोन पिशव्या तयार ठेवायला सांगितल्या आहेत. ऑपरेशन गुरुवारी सकाळी आहे. अर्ज पाहिला, रक्त केंद्राशी बोलणं झालं. तिथे एक पिशवी आहे, दुसरी नाही. केंद्राने सांगितलं की बी निगेटिव्ह किंवा ओ निगेटिव्ह दाता बुधवारी दुपारी दोनपर्यंत आला तर गुरुवारसाठी पिशवी तयार होईल. आता पोस्ट अशी होईल:

*१५ ऑक्टोबर २०२५, बुधवार, दुपारी २ पर्यंतच वैध. त्यानंतर पुढे पाठवू नये.*
खूण : ग्वाल्हेर-१४१०-क
शहर : ग्वाल्हेर (मध्य प्रदेश). फक्त ग्वाल्हेर आणि आसपासच्या दात्यांसाठी.
हवे आहे : लाल पेशी, १ पिशवी. दाता बी निगेटिव्ह किंवा ओ निगेटिव्ह.
कुठे : कमलाराजा रुग्णालय, स्त्रीरोग विभाग. रक्त द्यायचे ठिकाण : जयारोग्य रुग्णालय समूहाचे रक्त केंद्र.
कारण : ठरलेले ऑपरेशन, १६ तारखेला सकाळी.
निघण्याआधी फोन करा : सेवेकरी (नंबर), रुग्णाचे भाऊ (नंबर).
खात्री : मागणी अर्ज पाहिला आहे, रक्त केंद्राशी १४ तारखेला संध्याकाळी ५ वाजता बोलणे झाले आहे.
रक्तासाठी कोणी पैसे मागितल्यास देऊ नका, आम्हाला कळवा.

आता ओळी अशाच का, ते पाहू.

मुदत सगळ्यात वर ठेवली आहे, कारण लांब मेसेज फोनवर अर्धाच दिसतो आणि खाली "पुढे वाचा" येतं. पुष्कळ जण ते उघडतच नाहीत आणि न वाचताच पाठवतात. पहिली ओळ मात्र सगळ्यांना दिसते. तारीख, वार आणि वर्ष तिन्ही लिहायचं. "आज", "उद्या", "सकाळी" हे शब्द तारखेशिवाय लिहायचे नाहीत. "आज" कधी शिळं होत नाही. सहा महिन्यांनी वाचणाऱ्यालाही ते आजच वाटतं.

"निगेटिव्ह" अक्षरात लिहायचं. अधिक-उण्याची खूण कॉपी करताना गळते किंवा घाईत वाचताना दिसत नाही. मग बी पॉझिटिव्हची माणसं येऊन परत जातात.

काय हवंय हे स्पष्ट लिहायचं, कारण दात्याची तयारी त्यावर ठरते. लाल पेशींसाठी नेहमीचं रक्तदान होतं आणि दहा-पंधरा मिनिटांत पिशवी भरते. डेंग्यूच्या दिवसांत डॉक्टर कधीकधी एकाच दात्याच्या प्लेटलेट मागतात. त्यात दात्याचं रक्त यंत्रातून फिरवून फक्त प्लेटलेट काढतात आणि बाकीचं त्याला परत देतात. त्याला तासभर किंवा जास्त वेळ लागतो, हाताची शीर ठसठशीत लागते, आणि दात्याने मागच्या तीन दिवसांत ॲस्पिरिन घेतलेली चालत नाही. हे आधी कळलं तर माणूस त्या तयारीने येतो.

"निघण्याआधी फोन करा" ही ओळ गर्दी थांबवते. फोन आला की सेवेकरी ताई विचारून घेतात: वय १८ ते ६५ मध्ये आहे ना, वजन ४५ किलोच्या वर आहे ना, मागचं रक्तदान कधी केलं, सध्या काही औषध चालू आहे का, आणि जेवण झालंय का. आपल्याकडे गुरुवारचा उपवास पुष्कळांचा असतो. उपाशीपोटी रक्त द्यायला जायचं नाही. त्या दिवशी आधी खाऊन घ्यावं, नाहीतर दुसऱ्या कुणाला जाऊ द्यावं. एका पिशवीसाठी दोन दाते पक्के करायचे. रक्त द्यायला हिमोग्लोबिन किमान १२.५ लागतं आणि ते तिथे गेल्यावरच कळतं, त्यामुळे एक जास्तीचा असावा. दोन पक्के झाले की तिसऱ्याला नम्रपणे थांबायला सांगायचं आणि त्याचं नाव पुढच्या वेळेसाठी लिहून ठेवायचं.

फोन नंबर दोनच द्यायचे आणि पहिला सेवेकऱ्याचा. घरच्यांचा नंबर त्यांना विचारूनच द्यायचा. पेशंटचं पूर्ण नाव, आजाराचा तपशील, रिपोर्टचे फोटो आणि खाटेवरचा फोटो यातलं काहीही टाकायचं नाही. दात्याला त्याचा उपयोग नसतो आणि त्या बाईंच्या आजाराची चर्चा मात्र वर्षभर नातेवाइकांत चालते.

आणखी एक गोष्ट ग्वाल्हेरपुरती. आपले ग्रुप मराठी आहेत, पण इथले बहुतेक दाते हिंदी बोलणारे शेजारी, दुकानदार, मुलांचे मित्र असतात. म्हणून त्याच मजकुराची हिंदी प्रतही सेवेकऱ्यानेच लिहायची. प्रत्येकाने आपापलं भाषांतर केलं की तारीख आणि गट यांतच चुका होतात.

*खात्रीची ओळ का : ग्वाल्हेरचंच उदाहरण*

डिसेंबर २०२० मधली गोष्ट इथल्या पुष्कळांना आठवत असेल. दतियाचे एक कोरोना रुग्ण ग्वाल्हेरच्या खासगी रुग्णालयात दाखल होते. त्यांना प्लाझ्मा देण्याचं ठरलं. घरच्यांनी तो मध्यस्थामार्फत पैसे देऊन मिळवला. सोबत जयारोग्य रुग्णालयाच्या रक्तपेढीच्या नावाची पावतीही होती. प्लाझ्मा दिल्यावर रुग्णाची तब्येत बिघडली आणि त्यांचा मृत्यू झाला. चौकशीत पावती बनावट निघाली आणि पोलिसांनी नकली प्लाझ्मा विकणाऱ्यांना अटक केली.

कागद समोर होता, त्यावर ओळखीच्या सरकारी रुग्णालयाचं नाव होतं, आणि घरची माणसं काळजीने घाबरलेली होती. अशा वेळी कुणीही विश्वास ठेवेल. पण पिशवी रक्त केंद्राच्या खिडकीतून आली नव्हती. ती मधल्या माणसाच्या हातून आली होती.

आपल्या पोस्टचा याच्याशी सरळ संबंध आहे. "काहीही करून रक्त मिळवा, पैशाची चिंता नाही" असं लिहून खाली घरच्यांचा नंबर दिला की पहिला फोन दलालाचा येऊ शकतो. त्याला फक्त घाबरलेलं घर शोधायचं असतं आणि तो पत्ता आपणच देतो. म्हणून पोस्टमध्ये पैशाची भाषा कधीच करायची नाही. पैसे घेऊन रक्त देण्याचा धंदा सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालानंतर १ जानेवारी १९९८ पासून देशात बंद आहे. रक्त केंद्र जे पैसे घेतं ते तपासणी आणि साठवणुकीचं ठरलेलं शुल्क असतं आणि त्याची पावती केंद्राच्या खिडकीवर मिळते. नातेवाइकांना एवढंच सांगून ठेवायचं: पिशवी आणि पावती दोन्ही खिडकीतूनच घ्या. पार्किंगमध्ये, चहाच्या टपरीवर, कुणाच्या गाडीतून घेऊ नका. पावतीबद्दल शंका आली तर त्या केंद्राला फोन करून पिशवीवरचा क्रमांक सांगून विचारा.

याच उदाहरणात शिळ्या पोस्टचाही धडा आहे. मे २०२१ मध्ये कोरोनाच्या सरकारी उपचार-सूचनांतून प्लाझ्मा काढूनच टाकला. पण ज्या पोस्टवर तारीख नव्हती, ती वाचणाऱ्याला हे कळायचा काही मार्गच नव्हता. रुग्ण जाऊ दे, उपचारच उरला नाही, तरी कागदावर गरज तशीच राहते.

*पोस्ट संपवणं*

आता सगळ्यात दुर्लक्षित भाग. रक्त मिळालं की आपण सुटकेचा श्वास टाकतो आणि पोस्ट तिकडे फिरत राहते. आपल्या सत्संग परिवारातल्या एका ताईंचे यजमान गेले, तेव्हा तेराव्याच्या दिवशीही त्यांच्या मुलाला फोन येत होते: "ओ पॉझिटिव्ह हवंय ना? मी येऊ का?" फोन करणारे सगळे भल्या मनाचे होते. मुलाला प्रत्येकाला वडील गेल्याचं सांगावं लागत होतं. शेवटी त्याने नंबर बदलला.

हे का होतं, ते समजून घेऊ. व्हॉट्सॲपवर "सर्वांसाठी हटवा" केलं की मेसेज पुसला जातो, पण फक्त त्या ग्रुपवरचा, आणि तेही साधारण दोन-अडीच दिवसांच्या आतच. कुणी तो पुढे पाठवला असेल तर ती त्याची वेगळी प्रत झाली. तिच्यापर्यंत आपलं पुसणं पोहोचत नाही. मेसेज दुरुस्त करायची सोय पंधरा मिनिटांचीच आहे आणि तीही पुढे गेलेल्या प्रतीला लागू होत नाही. म्हणूनच मुदत मजकुरात हवी. ती प्रत्येक प्रतीसोबत जाते, कॉपी करून चिकटवलं तरी जाते.

मुदत लिहिली तरी आणखी तीन गोष्टी करायच्या.

पहिली, पोस्ट थोड्या ठिकाणी पाठवायची आणि कुठे पाठवली त्याची यादी ठेवायची. ग्वाल्हेरचा दाता हवा असेल तर ग्वाल्हेरच्याच ग्रुपवर. पुण्याच्या मावशींना काळजी वाटेल, पण त्या रक्त द्यायला येऊ शकणार नाहीत. त्या प्रेमाने पुढे पाठवतील आणि प्रत तिथेच फिरत बसेल. ज्यांना स्टेटसवर ठेवायचं असेल त्यांनी जरूर ठेवावं. स्टेटस चोवीस तासांनी आपोआप जातं, हा त्याचा मोठा गुण आहे. पोस्टचा फोटो किंवा रंगीत कार्ड बनवू नये. चित्रातली तारीख कापली जाते आणि ग्रुपवर शोधूनही सापडत नाही.

अगदी दुर्मीळ गट असेल तर गोष्ट वेगळी. १९५२ मध्ये मुंबईत डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधलेला बॉम्बे गट ज्यांचा आहे, त्यांना साधं ओ रक्तही चालत नाही. मे २०२४ मध्ये इंदूरच्या एका पेशंटसाठी शिर्डीहून एक दाता सुमारे चारशे किलोमीटर गाडीने आला होता. तिथे दूरवर निरोप जाणं रास्तच आहे. पण तोही अशा दात्यांची यादी ठेवणाऱ्या गटांकडे गेला तर काम होतं. घरोघरी फिरून होत नाही.

दुसरी गोष्ट, गरज संपली की "पूर्ण" निरोप पाठवायचा. आधी मूळ पोस्ट सर्वांसाठी हटवायची, मग त्याच यादीतल्या प्रत्येक ग्रुपवर नवा मेसेज टाकायचा:

*पूर्ण झाले. खूण : ग्वाल्हेर-१४१०-क.* बी निगेटिव्हची ही गरज १५ ऑक्टोबर २०२५, दुपारी १ वाजता पूर्ण झाली. कृपया आता फोन करू नये. ज्यांना ही पोस्ट पाठवली असेल त्यांना हा निरोपही पाठवावा आणि जुनी प्रत पुसावी.

यात फोन नंबर द्यायचा नाही. खुणेमुळे कुणालाही दोन्ही मेसेज ताडून पाहता येतात. एकाच आठवड्यात बी निगेटिव्हच्या दोन वेगळ्या गरजा असल्या तरी गोंधळ होत नाही. पेशंट दगावला असेल तरी निरोप असाच पाठवायचा: "ही गरज आता नाही." कारण लिहायची गरज नाही.

तिसरी गोष्ट हा आपल्या ग्रुपचा नियमच करावा: *जो पुढे पाठवेल, त्याने "पूर्ण" निरोपही तिथे पोहोचवायचा.* ते जमणार नसेल तर पाठवू नये. ग्रुपच्या ॲडमिन ताई-दादांना दुसऱ्यांचा मेसेजही सर्वांसाठी हटवता येतो. मुदत टळलेली पोस्ट दिसली की त्यांनी ती हटवावी आणि पाठवणाऱ्याला खासगीत प्रेमाने सांगावं. सगळ्यांसमोर टोकू नये, कारण बिचाऱ्याने मदतीच्या भावनेनेच पाठवलेली असते.

*आपल्याकडे पोस्ट आली तर*

पहिली ओळ वाचा. तारीख नसेल तर ती जुनी समजा. वर दोन बाणांची खूण आणि "अनेकदा फॉरवर्ड केलेले" असं दिसलं तर ती पाच किंवा जास्त हातांतून आलेली आहे. पण ही खूण नाही म्हणून पोस्ट ताजी असं समजू नका. कॉपी करून चिकटवलं की खूण जाते. मग पोस्टमधली एखादी वेगळी ओळ किंवा नंबर आपल्याच फोनच्या शोधात टाकून पाहा. पुष्कळदा तीच पोस्ट मागच्या वर्षीच्या दिवाळीत कुठल्याशा ग्रुपवर सापडते.

तरी शंका राहिली तर घरच्यांच्या नंबरवर फोन करण्याआधी रुग्णालयाच्या रक्त केंद्राला विचारा. पेशंटची माहिती ते देणार नाहीत आणि देऊही नये, पण त्यांच्याकडे त्या गटाच्या दात्यांची आज गरज आहे का, एवढं सांगतील. गरज असेल आणि आपण देऊ शकत असू तर सरळ जाऊन द्यावं. पोस्ट जुनी निघाली तरी रक्त वाया जाणार नाही. आणि जुनी आहे असं कळलं तर ज्यांनी पाठवली त्यांना दोनच शब्द लिहा: "मुदत संपली." त्यांनी ते आपल्या मागच्याला लिहावं. पोस्ट ज्या वाटेने आली त्याच वाटेने ती परत जाते.

या पंधरवड्याचा गृहपाठ : प्रत्येक कुटुंबाने आपल्या ग्रुपवर "रक्त" हा शब्द शोधावा, तारीख टळलेल्या पोस्ट पुसाव्यात आणि वरचा नमुना कुणा एकाच्या फोनवर कोरा जपून ठेवावा. आपल्या शहरातल्या दोन रक्त केंद्रांचे नंबर स्वतः शोधून, एकदा फोन लावून पाहून, त्याखाली लिहून ठेवावेत. नमुन्याबद्दल काही अडलं तर गुरुवारच्या सत्संगानंतर भेटूच.

जय गुरुदेव 🙏
सेवेकरी महिला गट, ग्वाल्हेर